फोटोतला केक किती जणांना पुरेल?

लग्नाच्या किंवा बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या केकची ऑर्डर आता बहुधा मोबाइलवरच्या फोटोपासूनच सुरू होते. कुणीतरी इंटरनेटवरून उतरवून घेतलेला तीन मजली केक दाखवतो आणि विचारतो, “अगदी असाच हवाय. शंभर माणसं येणार आहेत. पुरेल ना?” केक करणाऱ्याला यावर लगेच ‘हो’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही म्हणता येत नाही. फोटोवरून केकचा आकार कळतो, माप कळत नाही.

हा फरक किती महागात पडू शकतो, ते पाहू. तीन मजली गोल केकच्या दोन जोड्या घरगुती बेकरांच्या नेहमीच्या वापरातल्या आहेत. एकीत मजल्यांचे व्यास 4, 6 आणि 8 इंच असतात, दुसरीत 6, 9 आणि 12 इंच. दोन्हींत सर्वात वरचा मजला तळाच्या निम्मा आणि मधला तळाच्या पाऊण असतो. म्हणजे फक्त रुंदी पाहिली तर फोटोत दोन्ही केक सारखेच दिसतील. पण कापायला घेतल्यावर लहान केकचे साधारण 45 तुकडे निघतात आणि मोठ्याचे शंभराच्या आसपास. शंभर पाहुण्यांच्या कार्यक्रमात पहिला केक आला, तर निम्म्याहून अधिक लोकांच्या ताटलीत केक पडणारच नाही. हा गोंधळ ऑर्डर देतानाच टाळता येतो. त्यासाठी एक पट्टी आणि शाळेतली थोडीशी भूमिती पुरते.

आधी तुकडा ठरवा

‘किती पीस निघतील’ याचे उत्तर पीस केवढा यावर अवलंबून आहे. उंच, मजल्यांचे केक ही मुळात युरोप-अमेरिकेतल्या लग्नांची चाल, त्यामुळे तुकड्याचे प्रमाणित मापही तिकडूनच आले. शिकागोत 1929 साली ड्यूई मॅकिन्ली विल्टन यांनी केकच्या सजावटीचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यांच्या नावाची कंपनी पुढे केकचे टिन आणि सजावटीचे साहित्य विकू लागली. कोणत्या टिनमधून किती तुकडे निघतात याचे तिचे तक्ते आज जगभरचे बेकर वापरतात. त्यांतला लग्नाचा तुकडा 1 इंच रुंद, 2 इंच लांब आणि मजल्याइतका म्हणजे साधारण 4 इंच उंच असतो. वाढदिवसासारख्या घरगुती समारंभासाठी दीड इंच बाय 2 इंचांचा जाडसर तुकडा धरतात.

1 बाय 2 इंच ऐकायला अगदीच चिमुकले वाटते. पण तुकडा 4 इंच उंच आहे हे विसरू नका. ताटलीत आडवा ठेवला की तो 4 इंच लांब, 2 इंच रुंद आणि 1 इंच जाड असा दिसतो. जेवणानंतर तेवढा केक पुरेसा होतो. ब्रिटनमध्ये सुकामेव्याचा दाट, जड फ्रूट केक असेल, तर त्याचा तुकडा याच्याही निम्मा, 1 बाय 1 इंचाचा कापतात. म्हणून मजल्यांची मापे मिळाली तरी कोणत्या तुकड्याने मोजायचे हे ठरल्याशिवाय आकडा सांगण्यात अर्थ नाही. या लेखात आपण लग्नाचा 1 बाय 2 इंचांचा तुकडा धरू.

व्यासाचा वर्ग, चार दशांश

वरून पाहिले तर प्रत्येक तुकडा 2 चौरस इंच जागा घेतो. म्हणून मजल्याच्या गोल माथ्याचे क्षेत्रफळ काढायचे आणि त्याला 2 ने भागायचे. पाय आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या वाटेने न जाताही हे होते. व्यासाला व्यासाने गुणा आणि आलेल्या आकड्याचे चार दशांश घ्या. 8 इंचांचा मजला असेल तर आठ आठे चौसष्ट, त्याचे चार दशांश म्हणजे 25 आणि थोडे. काटेकोर गुणक 0.39 आहे, त्यामुळे चार दशांशाने उत्तर किंचित जास्त येते. अपूर्णांक सोडून दिला आणि मोठ्या मजल्यातून आणखी एखादा तुकडा वजा केला, की हिशेब जमतो.

अशा रीतीने 6 इंची मजल्यात 14, 8 इंचीत 25, 9 इंचीत 31, 10 इंचीत 39 आणि 12 इंचीत 56 तुकडे बसतात. व्यास 6 वरून 12 झाला, म्हणजे दुप्पट झाला, पण तुकडे चौपट झाले. इथेच अंदाज फसतो. आपली नजर रुंदी पाहते आणि पोट क्षेत्रफळ खाते. तळाचा मजला 12 इंचांचा समजलात आणि तो प्रत्यक्षात 10 इंचांचा निघाला, तर रुंदीतली चूक अवघी दोन इंचांची, पण त्या मजल्यातले 17 तुकडे गेले. वरच्या चिमुकल्या मजल्याच्या मापात तेवढीच दोन इंचांची चूक झाली, तर नुकसान सात-आठ तुकड्यांचे. म्हणून फोटो पाहताना सर्वात जास्त काळजी तळाच्या मजल्याच्या मापाची घ्यायची.

आणखी एक पथ्य. तिन्ही व्यासांची बेरीज करून त्यावरून तुकडे काढायचे नाहीत. प्रत्येक मजल्याचे तुकडे वेगळे काढायचे, प्रत्येकातला अपूर्णांक सोडायचा आणि मग बेरीज करायची. एका मजल्यातला उरलेला अर्धा तुकडा दुसऱ्या मजल्यातल्या अर्ध्याला जोडून पाहुण्याला देता येत नाही.

फोटोवर पट्टी

आता फोटोकडे वळू. समजा, फोटो कागदावर छापून घेतला आणि मिलिमीटरच्या पट्टीने मोजला. वरचा मजला 41 मिमी रुंद भरला, मधला 61 आणि तळाचा 82. तळाच्या मजल्याची उंची 27 मिमी आली आणि त्याखालचा गोल बोर्ड 96 मिमी रुंद दिसला.

पहिले काम रुंदीचे गुणोत्तर काढणे. 82 ला पूर्ण धरले तर 41 म्हणजे अर्धा आणि 61 म्हणजे जवळपास पाऊण. केकचे टिन ठरावीक मापांतच मिळतात, त्यामुळे नेहमीच्या जोड्या मोजक्याच असतात. 6-8-10 या जोडीत वरचा मजला तळाच्या सहा दशांश असतो. 6-10-14 मध्ये तो अर्ध्याहूनही बराच लहान दिसतो. आपले गुणोत्तर अर्धा-पाऊण-पूर्ण असल्यामुळे उरल्या सुरुवातीला पाहिलेल्या दोनच जोड्या, 4-6-8 किंवा 6-9-12.

यांच्यातली निवड रुंदीवरून होणार नाही, हे आपण पाहिलेच. इथे उंची मदतीला येते. नेहमीच्या मजल्याची उंची 4 इंचांच्या आसपास असते. तळाचा मजला 8 इंच रुंद असता, तर त्याची उंची रुंदीच्या निम्मी दिसली असती. 12 इंच रुंद असेल, तर एक तृतीयांश. आपल्या फोटोत 82 ला 27, म्हणजे जवळजवळ बरोबर एक तृतीयांश. कौल 6-9-12 च्या बाजूने पडला.

तरी एवढ्यावर थांबू नये. मजला 4 इंचच उंच आहे हे आपण गृहीत धरले आहे, मोजलेले नाही. हल्ली पाच-सहा इंच उंच मजल्यांचीही आवड आहे. 12 इंच रुंद आणि 6 इंच उंच मजल्याचे प्रमाण 8 इंच रुंद आणि 4 इंच उंच मजल्यासारखेच असते. त्यामुळे उंचीची साक्ष दुसऱ्या एखाद्या वस्तूशी पडताळून घ्यायची. बोर्ड त्यासाठी बरा. बोर्डही ठरावीक मापांत, बहुधा दोन-दोन इंचांच्या टप्प्यांनी मिळतात. तळाचा मजला 12 इंच धरला तर आपल्या फोटोतला बोर्ड 14 इंचांचा येतो, आणि हे बाजारातले सरळ माप आहे. मजला 8 इंच धरला तर बोर्ड 9 इंच आणि थोडा असा अडनिडा येतो. दोन वेगवेगळ्या साक्षी एकाच उत्तराकडे बोट दाखवत असतील, तर ते उत्तर धरायला हरकत नाही. केकशेजारी सुरी, पेला किंवा कुणाचा हात दिसत असेल, तर त्यांचाही आधार घेता येतो. मात्र ती वस्तू केकइतक्याच अंतरावर असायला हवी. केकच्या पुढे ठेवलेला पेला मोठा दिसतो आणि त्याच्याशी तुलना केली की केक लहान ठरतो.

आता बेरीज. 6 इंचीचे 14, 9 इंचीचे 31 आणि 12 इंचीचे 56, एकूण 101. कागदावर शंभर माणसांचा केक झाला.

वरून काढलेल्या फोटोचा डाव

आपला फोटो समोरून, केकच्या उंचीवर कॅमेरा धरून काढलेला होता. पण बहुतेक लोक टेबलाजवळ उभे राहून, मोबाइल खाली झुकवून फोटो काढतात. अशा फोटोत दोन गोष्टी एकदम बिघडतात.

पहिली, उंची आखूड दिसते. कॅमेरा 45 अंशांत झुकलेला असेल, तर 6 इंचांचा उभा मजला जेमतेम सव्वाचार इंचांचा वाटतो. म्हणजे उंच मजल्याचा केक साध्या मजल्याचा समजला जातो. झुकाव ओळखण्याची खूण सोपी आहे. सर्वात वरच्या मजल्याचा गोल माथा फोटोत चपट्या लंबगोलासारखा दिसतो. तो जितका फुगीर, तितका कॅमेरा वर होता. माथ्याची पट्टीच दिसत असेल, तर उंचीचे माप विश्वासाचे. लंबगोलाची उंची त्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांशांवर गेली असेल, तर त्या फोटोतली उंची हिशेबात धरू नये.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. कॅमेरा वर आणि जवळ असेल, तर वरचा मजला त्याला जवळ पडतो आणि तळाचा लांब. समजा, वरचा मजला कॅमेऱ्यापासून 36 इंचांवर आहे आणि तळाचा 42 इंचांवर. तेवढ्या फरकाने तळाचा 12 इंची मजला वरच्याच्या तुलनेत सव्वादहा इंचांचा दिसतो आणि मधला 9 इंची सव्वाआठचा. पट्टी लावणारा खुशाल 6-8-10 लिहून मोकळा होतो. त्या जोडीचा हिशेब 78 तुकड्यांवर थांबतो. म्हणजे केक तोच, पण कॅमेऱ्याच्या जागेमुळे 23 तुकडे हिशेबातून गायब.

याचीही खूण फोटोतच असते. मजल्याच्या दोन्ही उभ्या बाजू पाहा. प्रत्यक्षात त्या सरळ, एकमेकींना समांतर असतात. फोटोत त्या खाली जाताना एकमेकींकडे झुकत असतील, मजला वर रुंद आणि पायाशी अरुंद दिसत असेल, तर कॅमेरा वर होता आणि तळाचे मजले खऱ्यापेक्षा लहान दिसत आहेत. त्याच केकचा दुसरा, समोरून काढलेला फोटो मिळाला तर तो घ्यावा. नाहीच मिळाला, तर दोन्ही जोड्यांचा हिशेब मांडून कमी आकड्यावर विसंबावे. केक चौकोनी असेल तर आणखी एक पथ्य आहे. कोपरा पुढे करून ठेवलेल्या चौकोनाची फोटोत बाजू दिसत नाही, कर्ण दिसतो, आणि तो बाजूच्या जवळजवळ दीडपट असतो.

आकडा सुरीने खरा होतो

101 हा क्षेत्रफळाचा आकडा आहे. तो ताटल्यांत उतरेल की नाही हे कापण्यावर ठरते. घरच्या केकला आपण मध्यापासून कडेपर्यंत त्रिकोणी फाका पाडतो. 12 इंची मजल्याच्या तशा 56 फाका पाडायच्या म्हटल्या, तर प्रत्येक फाक 6 इंच लांब, कडेला पाऊण इंचाहूनही कमी रुंद आणि मध्याकडे सुईसारखी होईल. ती ताटलीत पोचण्याआधीच मोडेल. मग कापणारा फाका जाड करतो आणि केक तिशीतच संपतो. मजल्यांच्या केकबाबत ‘बेकरने फसवले’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा एक शक्यता हीच असते, की माप बरोबर होते आणि सुरी चुकीची चालली.

प्रमाणित तुकड्यासाठी मजला कड्या-कड्यांनी कापतात. आधी मजले एकावरून एक उतरवतात. प्रत्येक मजल्याखाली पातळ बोर्ड असतो आणि वरचा भार पेलायला आत नळ्या किंवा काड्या खुपसलेल्या असतात. कापण्याआधी त्या मोजून बाहेर काढायच्या. मग 12 इंची मजल्यावर कडेपासून 2 इंच आत एक गोल सुरीने उभा, तळापर्यंत कापायचा. 8 इंची टिनचा तळ अलगद टेकवून खूण केली, की गोल नेमका येतो. बाहेर 2 इंच रुंदीची कडी सुटते. तिचे चार भाग करायचे आणि प्रत्येक भागाचे आठ, म्हणजे झाले 32. कडेवर मोजले तर प्रत्येक तुकडा 3 सेंटिमीटर रुंद भरतो, आतल्या बाजूला थोडा अरुंद, पण सरासरी 1 इंचाची.

आता उरला 8 इंचांचा गोल. त्यातही 2 इंच आत दुसरा गोल कापून कडी मोकळी करायची आणि तिचे 18 तुकडे करायचे. मध्यभागी 4 इंचांचा गोळा राहतो, त्याच्या साध्या फाका पाडल्या की 6 निघतात. 32, 18 आणि 6 मिळून 56. विल्टनच्या तक्त्यातही 12 इंची गोल मजल्यासमोर हाच आकडा आहे.

लहान मजल्यांत मात्र क्षेत्रफळाचा आकडा पूर्ण हाती येत नाही. 6 इंचीच्या बाहेरच्या कडीचे 12 तुकडे होतात आणि मध्ये 2 इंचांचा गोळा उरतो. तो एकाला जास्त आणि दोघांना कमी. क्षेत्रफळ 14 म्हणत असताना तक्त्यात 6 इंचीसमोर 12 लिहिलेले असते, त्याचे कारण हे. 8 इंचीत 25 ऐवजी 24 आणि 10 इंचीत 39 ऐवजी 38 आहेत, तेही यामुळेच. म्हणून आपल्या 6-9-12 केकचा व्यवहारी आकडा 101 नव्हे, तर 98-99 धरावा.

‘समान तुकडे’ या शब्दालाही मर्यादा आहे. कड्यांनी कापलेले तुकडे स्पंजच्या मापाने सारखे असतात, आयसिंगच्या नव्हे. बाहेरच्या कडीच्या तुकड्याला माथ्यावर आणि बाजूला असे दोन्हीकडे आयसिंग मिळते, आतल्याला फक्त माथ्यावर. साखरेचे फूल तर एखाद्याच्याच वाट्याला येते.

जे दिसते ते सगळे खाण्याचे नसते

फोटोतली उंची भुलवते याचे एक राजेशाही उदाहरण आहे. 1947 साली ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ आणि फिलिप माउंटबॅटन यांच्या लग्नाचा अधिकृत केक मॅकव्हिटी अँड प्राइस यांनी केला होता. तो चार मजली आणि 9 फूट उंच होता. 9 फुटांत मजले चारच, कारण बरीचशी उंची मजल्यांमधल्या खांबांची आणि सजावटीची होती. खांबांमधली मोकळी जागा उंचीत धरायची नाही, हा फोटोवरून मोजणाऱ्यासाठी त्यातला धडा.

खांब निदान दिसतात, थर्माकोल दिसत नाही. मोठ्या समारंभांसाठीच्या केकमध्ये एखाद-दोन मजले थर्माकोलचे करून वर खरे आयसिंग चढवण्याची पद्धत आहे. त्यांना डमी म्हणतात. खर्च आणि वजन कमी ठेवून केक भव्य दिसावा, हा हेतू. बाकीच्या पाहुण्यांसाठी त्याच चवीचा साधा केक आत स्वयंपाकघरात कापला जातो. फोटोवरून डमी मजला ओळखण्याची खात्रीशीर खूण नाही, तो विचारूनच कळतो. आपल्या उदाहरणात तळाचा मजला डमी निघाला, तर 56 तुकडे एकदम जातात आणि खाण्याजोगा केक बेचाळीस-त्रेचाळीस जणांचा उरतो.

वरच्या मजल्याचेही आधी ठरवून घ्यावे. ब्रिटनमध्ये तो पहिल्या बाळाच्या नामकरणासाठी आणि अमेरिकेत लग्नाच्या पहिल्या वाढदिवसासाठी राखून ठेवण्याची रीत आहे. आपल्याकडेही तो कुटुंबासाठी घरी न्यायचा असेल, तर त्याचे 12 तुकडे हिशेबातून वगळावे लागतील.

किलोच्या भाषेत

आपल्याकडे केक इंचांत नव्हे, किलोत विकत घेतात. म्हणून शेवटी तुकड्यांचे वजनात रूपांतर करावे लागते. फोटो पाहून कुणी ‘पाच किलोचा’ म्हणाले, तर ते पटण्याजोगे आहे का, हे तपासता आले पाहिजे. स्पंज किती हलका, क्रीम किती, मध्ये फळे आहेत की चॉकलेट, यावर वजन बदलते. त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. पण प्रत्येक बेकरला स्वतःचा आकडा सहज मिळतो. आपल्या पद्धतीचा 8 इंच रुंद आणि 4 इंच उंच केक एकदा वजन करून पाहायचा. समजा, तो 2 किलो भरला. त्याचे 24 तुकडे होतात, म्हणजे एक तुकडा 83 ग्रॅमच्या आसपास.

त्याच हातचा, तेवढ्याच उंचीचा 6-9-12 केक केला, तर तिन्ही मजल्यांचे मिळून क्षेत्रफळ त्या 8 इंची केकच्या चौपटीहून थोडे जास्त आहे. म्हणजे वजन 8 किलोंच्या वर जायला हवे. तोच बेकर ‘असाच केक, पाच किलोंत’ म्हणत असेल, तर तीन शक्यता आहेत. मजले लहान असतील, उंची कमी असेल किंवा एखादा मजला थर्माकोलचा असेल. तिन्हींत गैर काही नाही, फक्त कोणती ते ऑर्डर देणाऱ्याला ठाऊक हवे. उलट बाजूनेही सावध राहावे. फाँडंटचे जाड आवरण आणि साखरेची फुले वजनाच्या काट्यावर दिसतात, पण त्यांमुळे तुकडे वाढत नाहीत. फाँडंटचा 8 किलोंचा केक क्रीमच्या 8 किलोंच्या केकइतक्या लोकांना पुरत नाही.

म्हणून ऑर्डर पक्की करताना फोटोखाली चार गोष्टी लिहून घ्याव्यात. प्रत्येक मजल्याचा व्यास आणि उंची, खरे मजले किती आणि डमी किती, कोणत्या मापाच्या तुकड्याने किती पीस धरले आहेत, आणि केक कापणार कोण. शेवटची गोष्ट बहुतेकजण विसरतात. कापणारा हॉलचा वाढपी असेल, तर त्याला कड्यांची पद्धत आणि 1 बाय 2 इंचांचे माप आधी दाखवून ठेवावे. कुणी दाखवणारा नसेल, तर पाहुण्यांच्या संख्येपेक्षा वीसेक तुकडे जास्तीचे धरून, मूळ मजल्यांना हात न लावता, त्याच चवीचा 8 इंची साधा केक सोबत मागवावा. तळाचा मजला 12 चा 14 इंची करण्यापेक्षा हे सोपे पडते, आणि केक फोटोतल्यासारखाच दिसतो.